रोजच्या वापरातला मिक्सर: मोटर, आवाज, भांडी आणि वॉरंटीचे अनुभव

शेंगदाणाकूट (सहकारनगर)

नमस्कार मंडळी. नवीन मिक्सरचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं, पण दुकानातून आणल्यावर आठ दिवसांत कोणताही मिक्सर छानच चालतो. दोन-तीन वर्षं रोज वाटण करून झाल्यावर तो कसा वागतो ते लिहायला हा धागा काढलाय. कंपनी कोणती ते नाही लिहिलंत तरी चालेल. किती वर्षं झाली, घरात माणसं किती, काय काय वाटता आणि काय बिघडलं एवढं नक्की लिहा.

सुरुवात माझ्यापासूनच, कारण माझा सध्या घरात नाहीये, सर्व्हिस सेंटरला पडलाय.

७५० वॅट, तीन स्टीलची भांडी. लक्ष्मी रोडवरून दिवाळीच्या आधी घेतला, त्याला आता दोन वर्षं पाच महिने झाले. आम्ही चौघं. रोज सकाळी चटणी किंवा ओल्या खोबऱ्याचं वाटण, रविवारी शेंगदाण्याचं कूट आठवड्याभराचं, आणि पंधरा दिवसांतून एकदा इडलीचं पीठ. कधी हळकुंड घातलं नाही, सुंठ घातली नाही, गोडा मसाला तर मी मंडईजवळच्या डंकावरूनच करून आणते. म्हणजे फार छळलंय असं नाही.

गेले दोन-तीन महिने आवाज बदललेला. आधी एकसारखा घर्रर्र यायचा, आता त्यात मधूनच खडखड. मला वाटलं भांडं नीट बसलं नसेल म्हणून मी वरून हाताने दाबून धरायचे. आणि गेल्या शनिवारी खोबरं, कोथिंबीर, मिरची असं घट्ट वाटण चालू असताना जळका वास आला आणि बंद. खालचं लाल रीसेटचं बटण दाबून बघितलं, काही नाही.

वॉरंटी कार्डावर लिहिलंय, मिक्सरला २ वर्षं आणि मोटरला ५ वर्षं. त्यामुळे मी निर्धास्त होते. सेंटरवरचा मुलगा उघडून बघून म्हणाला, मॅडम मोटरमध्ये पाणी गेलंय, आतलं फिरणारं आर्मेचर गेलं, हे वॉरंटीत बसत नाही, १८५० रुपये होतील. मी म्हटलं अहो मी मिक्सर कधी नळाखाली धरला नाही, ओल्या फडक्याने पुसते फक्त. तर म्हणे पाणी तर दिसतंय ना. अजून हो म्हणलेलं नाहीये मी. पाणी गेलं कुठून हा माझा प्रश्न आहे.

---

बिबवेवाडीची वहिनी

आमचा लग्नातला आहे, अकरा वर्षं झाली, ५०० वॅटचाच आहे आणि अजून चालू आहे, आता यात माझं कौतुक काही नाही कारण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही आणि चालू करून गप्पा मारत उभं राहायचं नाही, ते मी आजपर्यंत पाळते, वाटण असेल तर दोन-तीन वेळा विप देऊन आधी मोडून घेते, मग थोडं पाणी, मग फिरवते, तरी मधे एकदा छोटं भांडं गळायला लागलं होतं आणि दोनदा ते खालचं काळं चक्र बदललं, एकदा ४० रुपये आणि एकदा ६०.

आवाजाचं म्हणाल तर आहेच. सकाळी साडेसहाला लावला की वरच्या मजल्यावरच्या आजी खाली फोन करायच्या, आता त्यांना कमी ऐकू येतं.

---

हजार वॅट (वारजे)

ताई तुमचा प्रॉब्लेम सिंपल आहे, ७५० मध्ये आता काही होत नाही. मी सरळ १००० वॅटचा घेतला, कॉपर वाइंडिंग बघून. कॉपर असेल तर मोटर जळतच नाही. दीड वर्ष झालं, पुरणसुद्धा मिक्सरमध्येच करतो आम्ही, सलग पाच-सात मिनिटं. घरातल्यांना आवाजाचा त्रास व्हायचा म्हणून खाली जाड टॉवेलची घडी ठेवली, फोनवरच्या अॅपमध्ये ९१ डेसिबल यायचं ते ८४ वर आलं. करून बघा सगळ्यांनी, फुकटचा उपाय.

---

पीठ का आंबत नाही

मिक्सरवरून आठवलं, थंडीत पुण्यात इडलीचं पीठ कोणाचं आंबतं का? मी रात्री नऊला वाटून ठेवते, सकाळी तसंच्या तसं. मिक्सरमध्ये वाटल्यामुळे होतं का हे? माझी बहीण म्हणते तुझा मिक्सर खराब आहे म्हणून.

---

वाइंडिंगकाका (रास्ता पेठ)

एकतीस वर्षं दुकान होतं माझं, मिक्सर आणि पंख्यांच्या जळलेल्या मोटरींचं वाइंडिंग नव्याने भरायचो. आता डोळ्यांमुळे बंद केलं. तुमचा धागा मुलीने दाखवला म्हणून लिहितो, टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आधी वारजेवाल्या साहेबांना सांगतो. तो टॉवेल आजच काढा. मिक्सर उलटा करून बघा, खाली जाळी असते. मोटरच्या दांड्यालाच पंखा बसवलेला असतो, तो हवा फिरवतो आणि त्या हवेची वाट त्या जाळीतून असते. टॉवेलवर ठेवलात की मिक्सर आत रुततो, जाळी बंद होते, आवाज कमी येतो हे खरं पण मोटर आतल्या आत भाजते. खाली काही ठेवायचंच असेल तर पातळ रबराची शीट ठेवा आणि मिक्सरचे चार पाय त्याच्यावर मोकळे उभे राहू द्या. आणि कॉपरची मोटर जळत नाही असं कोणी सांगितलं? मी आयुष्यभर कॉपरच्याच जळलेल्या मोटरी भरल्या. कॉपर चांगलंच, ॲल्युमिनियमपेक्षा कमी तापतं, पण त्याच्यावर वार्निशचा थर असतो तो किती तापमान सहन करणार याला मर्यादा आहे. वॅट म्हणजे मिक्सर लाइनमधून किती ओढतो, पात्याला किती ताकद पोचते ते नव्हे.

पुरणाचं म्हणाल तर पुरण घट्ट, पाणी नाही. पातं अडखळलं की मोटरचे फेरे कमी होतात, करंट वाढतो, आणि पंखा त्याच दांड्यावर असल्यामुळे तोही सावकाश फिरतो. म्हणजे ज्या वेळी सगळ्यात जास्त तापते त्याच वेळी वारा सगळ्यात कमी. म्हणून घट्ट वाटण १ नंबरवर पाच मिनिटं घुसळत ठेवण्यापेक्षा जरा पातळ करून वरच्या स्पीडवर अर्धा-पाऊण मिनिट फिरवलेलं मोटरला सोसतं. तुमच्या मिक्सरच्या पुस्तकात किती मिनिटं चालू आणि किती मिनिटं बंद ते लिहिलेलं असेल. कोणी वाचत नाही.

आता शेंगदाणाकूट ताईंचं. ताई, पाणी नळाचं नाही हो. पाणी भांड्यातून गेलंय. शंभरातल्या निम्म्या केसेस माझ्याकडे अशाच यायच्या, हे आकडे मोजलेले नाहीत, अंदाजाने सांगतो.

भांड्याच्या तळाला पात्याचा दांडा जातो तिथे पितळी बुश असते, आणि पाणी खाली येऊ नये म्हणून एक सील. रोज ओलं वाटण, वर गरम पाण्याने धुणं, यात बुशमधलं तेल-ग्रीस धुवून जातं. कोरडी बुश झिजते. झिजली की दांडा हलतो, दांडा हलला की सील फाटतं, मग वाटणाचं पाणी थेंब थेंब खाली मोटरवरच्या चक्रावर, म्हणजे कपलरवर. तिथून कुठे जाणार? मोटरच्या दांड्यावरून खाली, वरच्या बेअरिंगमध्ये. बेअरिंग गंजलं की खडखड. तुम्ही वरून दाबून धरायचात ना, ती खडखड त्याची असणार. दाबल्याने आवाज दबला, रोग नाही.

भांडी घरी असतील तर एवढं करा. प्रत्येक भांडं उलटं धरून खालचं चक्र बोटाने फिरवा. गुळगुळीत फिरलं पाहिजे, किरकिर नको. मग वरून पातं जपून धरून आडवं हलवा, हललं तर बुश गेली. शेवटी प्रत्येक भांड्यात दोन बोटं पाणी घालून कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी पेपर बघा.

---

हजार वॅट (वारजे)

टॉवेल काढला काका. पण पुरण तर होतंय ना दीड वर्ष, मग १००० वॅटचा फायदा नाही असं कसं म्हणता.

---

वाइंडिंगकाका (रास्ता पेठ)

फायदा आहे. ७५० वाल्याला जिथे दम लागतो तिथे तुमचा ओढून नेतो. पण तेवढीच ताकद त्या भांड्याच्या बुशवर आणि कपलरवर पण येते, ती भांडी काही वेगळी जाड नसतात. तुमची मोटर टिकेल, भांडी आधी जातील.

---

रात्रपाळी (हिंजवडी)

माझा अनुभव आवाजाचा पण आणि मूर्खपणाचा पण. मी आणि रूममेट, दोघं अमेरिकेच्या वेळेने काम करतो, आमचा स्वयंपाक रात्री अकराला. स्मूदी आणि आलं-लसूण पेस्ट याच्यापलीकडे मिक्सरला काम नाही. खालच्या फ्लॅटमधल्यांनी सोसायटीत तक्रार केली. आम्ही ओट्यावरून काढून डायनिंग टेबलावर आणला तर आवाज अजून मोठा, लाकडी टेबल पोकळ, ढोलासारखं घुमलं. मग परत ओट्यावर, पण भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवला. भिंतीला टेकलेला होता तेव्हा तो खडखडाट खालपर्यंत जायचा, आता फक्त मोटरचा आवाज येतो. तक्रार थांबली, निदान लेखी तरी.

मूर्खपणा असा की एकदा खजूर वाटताना बंद पडला. आम्ही घरी माणूस बोलावला. त्याने उलटा केला, खालचं लाल बटण दाबलं, चालू झाला, ३५० रुपये व्हिजिट चार्ज. आम्ही पण लाल बटण दाबलं होतं, पण लगेच. तो म्हणाला नॉब शून्यावर आणायचा, पिन काढायची, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्यायचं आणि मग दाबायचं, गरम असताना ते धरतच नाही. ताई तुम्ही थांबून दाबलं होतं का?

---

शेंगदाणाकूट (सहकारनगर)

हो, तासाभराने पण दाबलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पण. बटण गेलं आत, मिक्सर हूं नाही की चूं नाही. आणि सेंटरवर उघडून आर्मेचर दाखवलं मला, काळं पडलेलं होतं एका बाजूला.

काका, भांडी घरीच आहेत, त्यांनी फक्त खालचा भाग ठेवून घेतला. आज रात्री पेपर लावते.

---

डबेवाली (धायरी)

वॉरंटीबद्दल मला बोलायचंय. माझे रोज पंचवीस-सव्वीस डबे असतात. ७५० चा मिक्सर घरगुती म्हणून घेतला, सव्वा वर्षात मोटर गेली, वॉरंटी चालू होती दोन्ही. घरी बघायला आलेल्या माणसाने स्वयंपाकघरात रचलेले डबे बघितले आणि लिहिलं व्यावसायिक वापर, वॉरंटी लागू नाही. मी भांडले, की पंचवीस माणसांचं वाटण म्हणजे किती, मी दोन वेळा फिरवते फक्त. एखाद्या मोठ्या घरात पण एवढं होत असेल. पण कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतंच, ते मी आधी वाचलं नव्हतं. शेवटी बाहेरून आर्मेचर बदलून घेतलं, ९०० लागले, सहा महिने चाललं, मग परत गेलं.

आता मी टेबलटॉप वेट ग्राइंडर वेगळा घेतलाय आणि मिक्सर फक्त सुक्याला. आवाज कमी, पण वीस मिनिटं लागतात आणि तो दगड धुवायचा म्हणजे हात मोडतो. डबे करणाऱ्यांनी निदान त्या माणसाला ओट्यापर्यंत येऊ देऊ नये एवढं सांगते.

---

पेठेतली सून (सदाशिव पेठ)

भांड्यांबद्दल कोणी बोललंच नाही अजून, म्हणजे स्टीलबद्दल आणि झाकणाबद्दल. स्टील सगळ्यांचं ठीकच असतं हो, जातं ते झाकण आणि कान. आमच्या मधल्या भांड्याचा कान दोन वर्षांत हलायला लागला, आतून स्क्रू आहे तो घट्ट केला की महिनाभर चालतं. झाकणाची रबर सैल झाली की कुठेच सुटी मिळत नव्हती, शेवटी तपकीर गल्लीत एका दुकानात मापाने मिळाली, जुनी रबर सोबत नेली म्हणून. नुसता मॉडेल नंबर सांगून आधी दोनदा परत आले होते.

आणि एक, लवंग. मी मसाल्याची लवंग त्या पारदर्शक झाकणाच्या प्लॅस्टिकच्या भांड्यात वाटली, बारीक पूड झाकणाला चिकटून रात्रभर तशीच राहिली. सकाळी झाकण धुतलं तर आतून धुरकट झालं होतं, काचेवर वाफ धरल्यासारखं, आणि ते गेलंच नाही, पुढे तिथेच तडा गेला. लवंगेच्या तेलाने होतं म्हणे ते प्लॅस्टिकचं. आता लवंग स्टीलच्याच भांड्यात, आणि झाकण लगेच धुते. आमचे हे म्हणाले खलबत्ता कशाला ठेवलाय. त्यांना म्हटलं घ्या, कुटा.

---

शेंगदाणाकूट (सहकारनगर)

पेपरचा निकाल!

मोठं भांडं: पेपर कोरडा. छोटं चटणीचं: कोरडा. मधलं एक लिटरचं: पेपरवर बरोबर वाटीएवढा गोल डाग, आणि मधोमध काळपट तेलकट. पातं धरून हलवलं तर स्पष्ट हलतंय, टकटक असा आवाज येतो. उलटं करून चक्र फिरवलं तर अर्धा फेरा जाऊन थांबतं, बाकीच्या दोन भांड्यांची दोन-तीन फेरे गुळगुळीत फिरतात. मी दोन वर्षं ओलं खोबरं त्याच भांड्यात वाटतेय.

आणि आता आठवतं ते सांगते. भांडं उचललं की खाली खळग्यात कधीकधी ओलसर काळं दिसायचं. मी ते रबर झिजून पडलेलं असेल समजून टिश्यूने पुसून टाकायचे. चार-पाच महिने पुसतेय.

---

वाइंडिंगकाका (रास्ता पेठ)

तेच. रबराची झीज कोरडी असते, काळी पूड. ओलं काळं म्हणजे बुशमधून आलेलं.

अजून एक बघायला सांगा सेंटरवाल्याला, किंवा स्वतः जाऊन बघा. कपलरच्या खळग्यात एका कडेला बारीक भोक असतं, बहुतेक मिक्सरला असतं. सांडलेलं पाणी आत न जाता त्या वाटेने खाली ओट्यावर निघून जावं म्हणून. ते वाळलेल्या पिठाने, कुटाने बुजतं. बुजलं की पाणी खळग्यात साठतं आणि दांड्याकडे जातं. टूथपिकने साफ करायचं असतं. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांत एकाला सुद्धा ते भोक माहीत नसायचं.

---

ग्राहकराजा (औंध)

काकांनी सगळं सांगितलं पण मुद्दा वेगळा आहे. भांडं पण त्याच कंपनीचं, त्याच खोक्यात आलेलं. त्यांच्या भांड्यातून गळलेल्या पाण्याने त्यांचीच मोटर गेली, तर 'ग्राहकाने पाणी घातलं' असं कसं? ५ वर्षं मोटरची वॉरंटी म्हणजे नेमकं काय मग?

ताई, तोंडी काही ऐकू नका. जॉब शीटवर कारण लिहून घ्या: कोणता भाग गेला, का गेला, वॉरंटी का नाही. सही-शिक्का. जुना भाग परत मागा. त्या गळणाऱ्या भांड्याचा आणि पेपरचा फोटो काढून ठेवा, बिलाची प्रत जोडून कंपनीला मेल करा, आणि उत्तर आलं नाही तर १९१५ ला फोन, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मी फ्रिजच्या वेळी केला होता, तीन आठवड्यांत कंपनीचा फोन आला. वेगळी वस्तू, मान्य, पण मार्ग तोच.

---

वाइंडिंगकाका (रास्ता पेठ)

साहेब, तुमचं म्हणणं ग्राहक म्हणून बरोबर असेल. पण बुश, सील, कपलर, मोटरमधले कार्बन ब्रश हे सगळं झिजणारं सामान. बुटाचा तळ झिजतो तसं. ते दोन-अडीच वर्षांत जाणारच, कार्डावर ते वगळलेलंच असतं. गळायला लागल्यावर १५० रुपयांत बदललं असतं तर मोटर वाचली असती. कंपनी तेच म्हणणार.

---

ग्राहकराजा (औंध)

कुठल्या पुस्तिकेत लिहिलंय की भांडं पेपरवर ठेवून बघा? तुम्ही एकतीस वर्षं हेच केलंत म्हणून तुम्हाला माहीत. बूट गळाला तर पाय भिजतो, घराची फरशी फुटत नाही.

---

बिबवेवाडीची वहिनी

वाद चालू द्या, पण मी रात्री आमची तिन्ही भांडी पेपरवर ठेवली, सकाळी मुलगा म्हणाला आई हे काय व्रत आहे का. सगळे कोरडे. छोट्याची बुश बदलल्यावर त्या दुकानदाराने सांगितलं होतं की धुतल्यावर भांडं पालथं न घालता आडवं ठेव आणि महिन्यातून एकदा उलटं करून दांड्यापाशी दोन थेंब खायचं तेल सोड, रात्रभर राहू दे. मी शेंगदाण्याचं घालते. काका हे बरोबर आहे का?

---

वाइंडिंगकाका (रास्ता पेठ)

तेल बरोबर. खायचं तेल वाळून चिकट होतं म्हणून काही लोक नको म्हणतात, पण वाटणात उतरणार म्हटल्यावर मशीनचं तेल तिथे घालायचं नाही हे नक्की. थोडंच घाला. पालथं की आडवं याने माझ्या मते काही फरक पडत नाही, भांडं रात्रभर सिंकमध्ये बुडवून ठेवू नका म्हणजे झालं. भांड्यात पाणी भरून भिजत ठेवता ना तुम्ही सगळ्या, त्याने सील फुगतं.

---

रात्रपाळी (हिंजवडी)

काका एक प्रश्न. आमच्याकडे पण थोडी किरकिर आहे. भांडं न लावता नुसता मिक्सर चालू करून आवाज कुठून येतो ते बघावं असं वाचलं होतं. पण आमचा भांड्याशिवाय चालूच होत नाही.

---

वाइंडिंगकाका (रास्ता पेठ)

नवीन पुष्कळ मिक्सरना लॉक असतं, भांडं बसल्याशिवाय करंट जात नाही. काडी घालून ते लॉक फसवायला जाऊ नका. त्याऐवजी तीन भांडी आळीपाळीने रिकामी लावून दोन-दोन सेकंद फिरवा. एकाच भांड्याला किरकिर आली तर भांडं, तिन्हींना आली तर खालचा भाग. जुन्या मिक्सरला लॉक नसतं, त्यांनी भांड्याशिवाय दोन सेकंद लावून ऐकलं तरी चालेल, हात लांब. आणि जाळीतून ठिणग्या मोठ्या दिसत असतील तर कार्बन संपत आलेत, ते स्वस्त काम आहे, लांबवू नका. बारीक निळी ठिणगी असतेच, तिला घाबरायचं नाही.

---

पीठ का आंबत नाही

माझ्या प्रश्नाचं कोणी उत्तर नाही दिलं.

---

डबेवाली (धायरी)

अगं मिक्सरमध्ये फिरवताना पीठ गरम होतं, गार पाण्याने वाट आणि उडीद-तांदूळ वेगळे वाट. आणि थंडीत ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून आत ठेव, नाहीतर कणकीच्या डब्याशेजारी ब्लँकेटमध्ये गुंडाळ. बहिणीला सांग मिक्सरचा दोष नाही.

---

शेंगदाणाकूट (सहकारनगर)

अपडेट देते. काल परत गेले सेंटरला, मधलं भांडं आणि पेपर घेऊन. पेपर बघून तो मुलगा हसला, पण मग आतून त्याच्या सीनियरला बोलावलं. खळग्यातलं ते भोक बघितलं, काका तुम्ही म्हणालात तसंच, पूर्ण बुजलेलं. पांढरं, दगडासारखं कडक, इडलीचं पीठ असणार. टूथपिक मोडली, शेवटी त्यांनी सुईने काढलं. आता ते पीठ माझंच, हे मी नाकारू शकत नाही, त्यामुळे माझा आवाज जरा खाली आला.

तरी ग्राहकराजांनी सांगितलं तसं लिहून मागितलं. आधी नको-नको, मग जॉब शीटवर 'भांड्यातून गळती, आर्मेचर व वरचे बेअरिंग खराब' असं लिहिलं. आधी तोंडी 'ग्राहकाने पाणी घातलं' होतं ते 'भांड्यातून गळती' झालं, एवढा फरक पडला. सीनियर म्हणाला फोटो वर पाठवतो, आर्मेचर वॉरंटीत बसवून देतील का ते आठवड्याभरात कळेल. बेअरिंग, कपलर आणि मजुरी माझीच, ५४० सांगितलेत. बघू, मिळालं तर मिळालं. नाही मिळालं तर १९१५ करायचं की १८५० भरून मोकळं व्हायचं यावर आमच्या घरात दोन तट आहेत.

मधल्या भांड्याची बुश, सील आणि पातं मिळून रविवार पेठेत १८० रुपयांत झालं, अर्ध्या तासात, मी समोर उभी होते. त्याने जुनी बुश हातात दिली. आतून गोल नाहीच राहिली, लांबट अंड्यासारखी झालीय. नव्या बुशमध्ये पातं हलवून बघितलं, जागचं हलत नाही.

तोपर्यंत शेजारच्या काकूंनी त्यांचा मिक्सर दिलाय वापरायला. त्यांचा चार महिन्यांपूर्वीच सर्व्हिस करून आणलेला, एकदम भारी चालतो असं सांगत होत्या. काल रात्री वाटण झाल्यावर सवयीने त्यांचं भांडं पेपरवर ठेवलं. सकाळी डाग. आता मिक्सर परत करताना त्यांना कसं सांगू, की माझ्याकडे आल्यावरच गळायला लागलं असं त्यांना वाटेल?